आजीचे आणि नातीचे बोलणे



मी सातवीपर्यंत शिकलेली, तेव्हा भाषण काही येत नाही. पण आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणींची मुले, दीर, नणंदा परदेशी आहेत आणि व्हिडिओ कॉल घरोघर होतो. तेव्हा आमच्या घरी तो कसा बसला, तेवढेच सांगते.

माझे धाकटे भावोजी अमेरिकेत न्यू जर्सीला असतात. त्यांना दहा वर्षांचा मुलगा व सहा वर्षांची मुलगी. इकडे सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. पहिला प्रश्न वेळेचा. आपल्या सकाळी साडेसातला तिकडे आदल्या दिवसाची रात्र, मुले झोपेला आलेली. म्हणून रविवारी त्यांचे सकाळचे नऊ ही वेळ आम्ही धरली. दहाला मुलांचा वर्ग असतो, ती वेळ हलत नाही. आपली हलू शकते. आणि हलवावीच लागते. थंडीत ते आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे ते घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. (लढाईच्या काळात, १९४२ ते १९४५, आपल्याकडेही घड्याळे तासभर पुढे होती.) म्हणजे थंडीत आमचा कॉल संध्याकाळी साडेसातला, आणि मार्चच्या त्याच रविवारपासून साडेसहाला. त्या दिवशी साडेसातला बसाल तर मुले दारात पायमोजे चढवताना दिसतील. मी कॅलेंडरवर या दोन रविवारांभोवती पेन्सिलीने गोल करून ठेवते.

वेळ जमली तरी ऐकू येणे निराळे. मी पाहिले, की भावोजींचे बोलणे सासूबाईंना नीट कळे, नातीचे मात्र कळत नसे. आम्हांला वाटे, पोरगी इंग्रजी वळणाने बोलते म्हणून. पण कारण दुसरेच. म्हातारपणी कानाला बारीक, उंच आवाज आधी कमी येतात, जाड आवाज मागाहून. लहान मुलाचा आवाज असतो बारीक, त्यात ‘स’, ‘श’ हे वर्ण तर अगदीच विरळ. मोठ्याने ओरडून ते सुधारत नाही, ओरडण्याने शब्द फाटतो. मुलीने फोनसमोर हातभर अंतरावर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलले म्हणजे कळते. म्हणून प्रकाश तोंडावर हवा. खिडकी पाठीमागे असली तर तोंड काळे पडते, आणि आजी ओठांवरूनही बरेच समजून घेते.

दुसरी गोष्ट फोनची. समोरून आलेला आवाज आपल्या फोनमधून पुन्हा तिकडे जाऊन घुमू नये, म्हणून तो एका बाजूचे बोलणे चालू असता दुसऱ्या बाजूचे पुष्कळदा दाबून टाकतो. शिवाय बोल पोचायला क्षणभर उशीर लागतो. दोघे एकदम बोलले, की ज्याचा आवाज मोठा त्याचे पोचते. म्हणजे हरवते कोणाचे? नातीचे आणि आजीचे! मधल्या आम्हां मोठ्यांचे कधी हरवत नाही. तेव्हा आमचा नेम असा, की पहिली दहा मिनिटे फक्त त्या दोघी आणि नातू. बाकीच्यांनी जवळ बसावे, पण ‘अगं आजीला सांग ना’ असेसुद्धा म्हणू नये. बोलून झाले की मुलगी ‘आजी, आता तू’ म्हणते. ‘कशी आहेस’ विचारले तर मूल ‘बरी’ म्हणून गप्प बसते. त्यापेक्षा वस्तू दाखवायला सांगावी. परवा तिने पडलेला दात दाखवला, सासूबाईंनी आपले तोंड उघडून रिकाम्या जागा दाखवल्या, आणि मोजणी सुरू झाली.

त्या वेळी पंखा मंद करते, मिक्सर लावत नाही. नळाचा दिवस असला तर मोटर आधी उरकते. फोन पितळी डब्याला टेकवते. एकाच खोलीत दोन फोनांवरून तोच कॉल लावू नका, कर्कश शीळ सुटते.

आता कळले की नाही हे ओळखायचे कसे? सासूबाई सगळ्याला हसून ‘हो हो’ म्हणू लागल्या की समजावे, त्यांना ऐकू आलेले नाही. ‘ऐकू आलं का?’ विचारले तर त्या ‘हो’च म्हणणार. मी विचारते, ‘मग तिच्या मैत्रिणीचं नाव काय म्हणाली ती?’ नाही कळले तर माझ्या जाड आवाजात तेवढे वाक्य मी सांगते. अर्ध्या तासानंतर मात्र त्या थकतात, मग कितीही खटपट केली तरी ‘हो हो’च येते.

शेवटची दहा मिनिटे माय-लेकांची. मुले वर्गाला निघाली, की मी आणि हे स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतो. हे मुद्दाम सांगते. चारचौघांत सासूबाई ‘मी ठणठणीत’ एवढेच म्हणत. गेल्या पावसाळ्यात एकट्या असताना त्या लेकाला म्हणाल्या, की डाव्या डोळ्याने धूसर दिसते, वाती वळताना कापूस हाताला शोधावा लागतो. आम्ही एका घरात राहतो, आम्हांला हे सांगितले नव्हते. सुनेला आणखी काम नको म्हणून. भावोजींनी दुसऱ्या दिवशी मला कळवले. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. दिवाळीआधी शस्त्रक्रिया झाली, आणि आता त्या नातीचे नवे दातही मोजतात.