बंटी कुणाला दिसत नाही
(यवतमाळ येथील वसंत व्याख्यानमालेत एका बालरोगतज्ज्ञाने दिलेले व्याख्यान)

मंडळी, कार्यक्रमपत्रिका पंख्यासारख्या हलताहेत, तेव्हा प्रास्ताविक सोडतो. बालमानसशास्त्राची ओळख मागच्या वक्त्यांनी करून दिलीच आहे. माझ्या हातात एका ताईंची चिठ्ठी आहे. ‘‘मुलगी चार वर्षांची. दिवसभर बंटी नावाच्या कुणाशी तरी बोलते. घरात बंटी कुणीच नाही. सासूबाई म्हणतात, बाहेरचं आहे. हे नॉर्मल आहे का?’’

ताई, आहे. पण एवढ्यावर बसलो तर आयोजक नारळ परत मागतील. (हशा)

माझं म्हणणं असं : बंटी खोटा आहे हे तुमच्या मुलीला ठाऊक आहे. घाबरतो आपण. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठाच्या मार्जोरी टेलर यांनी अशा मुलांचा अनेक वर्षं अभ्यास केला. संशोधक गांभीर्यानं मित्राची चौकशी करू लागले, की काही मुलं मध्येच थांबून त्यांनाच समजावत, की हा खराखुरा नाही बरं का! २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत, सात वर्षांपर्यंतच्या ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती होता. त्यात त्यांनी न दिसणारे मित्र धरले, तसे मुलांनी जीव लावून बोलतं केलेले बाहुले-खेळणीही धरली.

खेळण्यावरून आठवलं. आपल्याकडचा तान्हा पोळा! माझा लाकडी बैल होता, राजा. एक चाक मोडकं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला सजवून दारोदार न्यायचो, बोजारा मिळायचा. पण माझा राजा वर्षभर चालायचा. त्याला पेंड द्यायचो, पाणी पाजायचो, रात्री पोतं पांघरायचो. आजी त्याच्या कपाळाला कुंकू लावून विचारायची, ‘‘राजा, दमला का रे?’’ मीच बारीक आवाजात म्हणायचो, ‘‘दमलो.’’ एकदा त्याला ताप आला म्हणून मी शाळेत गेलो नाही... हो, सचिव घड्याळ दाखवताहेत. तात्पर्य सांगतो. ‘हे पोट्टं नॉर्मल आहे का’ असं तेव्हा कुणी विचारलं नाही. कारण लाकूड दिसत होतं. लाकूड काढून नुसता राजा ठेवला असता, तर मला भगताकडे नेलं असतं!

पुढून कुणी म्हणालं, ‘डॉक्टर, श्रद्धेवर बोलू नका.’ नाही बोलत. चार वर्षांच्या लेकराला धुरात बसवू नका, एवढंच बोलतो.

आता करायचं काय? जुनी गोष्ट सांगतो. एका मुलाचा गोंद्या नावाचा मित्र दिवाणाखाली राहायचा. आईला म्हटलं, पंधरा दिवस वहीत लिहा : गोंद्या किती वाजता आला, घरात कोण होतं, काय म्हणाला, कशानं गेला. अकरा नोंदी झाल्या. नऊ दुपारी एक ते चारमधल्या, आई तान्ह्या बाळाला घेऊन पडायची त्या वेळच्या. शेजारची मुलगी खेळायला आली की गोंद्या गायब. जेवायला हाक मारली की मुलगा खेळ टाकून यायचा. आणि एक ओळ : ‘गोंद्याला बाळ आवडत नाही.’

ती ओळ मुलाची होती. गोंद्याच्या तोंडून सांगायला त्याला सोपं गेलं. आईनं गोंद्याचा विषय काढलाच नाही. दुपारी अर्धा तास बाळ आजीकडे दिलं आणि मोठ्याला जवळ घेतलं. गोंद्यानं तूरडाळ सांडली तेव्हा ओरडलीही नाही. ‘‘तुम्ही दोघं भरा,’’ म्हणाली. भरली अर्थात एकानंच. (हशा) काही महिन्यांनी कळलं, गोंद्या मामाच्या गावाला गेला.

म्हणजे मित्राला हाकलू नका, चेष्टा करू नका. आणि हौसेनं त्याचं ताटही स्वतःहून वाढू नका. खेळ मुलाचा आहे, सूत्रं त्याच्याच हातात राहू द्या. मित्र हट्टी असला, ऐकत नसला, तरी बिघडत नाही.

वेळ संपली, पण हे ऐकूनच उठा. मूल मित्राला घाबरत असेल, तो मला किंवा दुसऱ्याला मारायला सांगतो म्हणत असेल, झोप-जेवण तुटलं असेल, खरी मुलं समोर असूनही त्यांच्यात जातच नसेल, येत असलेलं बोलणं मागे पडलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. बोलता बोलता काही क्षण नजर थिजते, हाक ऐकू जात नाही, असं होत असेल तर तो खेळ नव्हे, फिट असू शकते. आणि ‘बंटीला अमुक काका मारतात’ असं ती म्हणाली, तर बंटीला विसरा. त्या काकांकडे बघा.

ताई, आज रात्रीच वही घाला. पंधरा दिवसांनी ती घेऊन माझ्याकडे या. यातलं काही त्याआधी दिसलं, तर मुलीला घेऊन लगेच या. नाही तर वही पुरेल.