आक्कांचा दुपारचा खेळ

दुपारची भांडी उरकून, कुणी शेंगा फोडत, कुणी गोधडीला टाके घालत रेडिओ ऐकत असाल. आज आम्ही हिशेबाचं किंवा कर्जाचं बोलणार नाही. आज एक गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट आहे, तेव्हा ह्यात कोण कुठली ते शोधू नका. पण ऐकताना आपापल्या गटातली कुणी आठवली, तर मात्र तिला विसरू नका.

आमचा बचत गट बारा जणींचा. त्यात एक आक्का. वय पन्नाशीच्या पुढं. दोन शेळ्या, एक म्हैस, एकर-दीड एकर रान. मालक 2021 च्या दिवाळीनंतर गेले. त्यानंतर आलेल्या संक्रांतीला हळदी-कुंकवाच्या दिवशी आक्का आतल्या खोलीत बसून राहिल्या. आम्ही ओट्यावर वाण लुटत होतो आणि आतून दळण पाखडल्याचा आवाज येत होता. कुणी काही बोललं नाही. तशीच रीत होती.

पुढं 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना त्या वाटेनं जायला सांगितलं. आमच्या गावानंही ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घेतला. आम्ही अकरा जणींनी हात वर केले. आक्का त्या दिवशी मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनीही हात वर केला. आम्हाला वाटलं, झालं, आता आपलं गाव सुधारलं.

आता गोष्टीकडं येऊ.

30 जून 2023 ला ‘बाईपण भारी देवा’ हा सिनेमा लागला. केदार शिंदेंचा. सहा बहिणी, सहा तऱ्हांचे संसार, आणि मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी त्या पुन्हा एकत्र येतात. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी बघितला असेल. गावोगावच्या बायका नटूनथटून, नथ घालून, गजरे माळून घोळक्यानं बघायला जात होत्या. आम्हीही ठरवलं. रविवार 9 जुलै. एक जीप ठरवली, सगळ्यांनी हिरवी साडी नेसायची आणि गजरा घालायचा असं ठरलं.

आक्कांना आम्ही विचारलंच नाही.

नको म्हणून नव्हे हो. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. एक म्हणाली, “त्यांना बिचाऱ्यांना कसं वाटंल, गजरे-बिजरे बघून?” दुसरी म्हणाली, “त्या काय येणार न्हाईत. उगं विचारून जीव कशाला दुखवायचा?” झालं. उत्तर आम्हीच देऊन टाकलं. जीप आक्कांच्या दारावरूनच गेली. त्या शेळ्यांना पाला टाकत होत्या. त्यांनी वर बघितलं, आम्ही हात हलवला, त्यांनीही हलवला. आत अकरा जणी होत्या.

बुधवारी 12 तारीख. दर महिन्याच्या बारा तारखेला संध्याकाळी पाचला आमची बैठक असते. बैठकीच्या आधीच बातमी आली. कुणाच्या तरी पुतण्यानं तालुक्याच्या स्टँडवर आक्कांना बघितलं होतं, थेटरातून बाहेर येताना. एकटीच. गावात बातमी एसटीच्या आधी पोचते, हे तुम्हाला सांगायला नको.

बैठकीत कुजबुज सुरू झाली. आमच्यातल्या थोरल्या काकी म्हणाल्या, “अगं, आज तर तिच्या लग्नाची तारीख. आजच्या दिवशी पिच्चर? फोटोला हार घालायचा का थेटरात बसायचं?” दुसरी म्हणाली, “हप्ता भरायचा सोडून पैसं उडवायचं बघा.”

ह्यावर आम्ही वही काढली. आक्कांनी शेळ्यांसाठी 15,000 रुपये उचलले होते. दीड हजारानं हप्ता. वहीत एकही हप्ता मागं नव्हता. जुलैचा तर त्यांनी आदल्या दिवशीच घरी आणून दिला होता. म्हणजे उद्या आपल्याला कुठं जायचं आहे हे त्यांनी आधीच ठरवलं होतं आणि गटाचा पैसा आधी चुकता केला होता. वही बंद केली तशी बोलणारी खाली बघू लागली.

एवढ्यात आक्का आल्या. साधी निळी साडी, हातात पिशवी. नेहमीच्या जागी बसल्या. सगळ्या गप्प. मग त्या स्वतःच म्हणाल्या, “इचारा की. मी गेल्ते पिच्चरला.”

मग त्यांनी सांगितलं. ते त्यांच्या बोलण्यातून जसं कळलं तसं सांगतो.

लग्न 1991 च्या जुलैचं. नव्या नवरीला सासूच्या धाकात नवऱ्याशी दिवसा बोलायचीसुद्धा चोरी. पुढच्या वर्षी त्याच तारखेला मालक सासूला म्हणाले, “दवाखान्यात न्हेतो हिला,” आणि तालुक्याला नेऊन ‘माहेरची साडी’ दाखवला. अलका कुबलचा तो सिनेमा. सगळं थेटर रडत होतं. आक्काही पदर ओला करून रडल्या. मालकांनी मध्यंतराला शेंगदाण्याची पुडी आणली आणि म्हणाले, “रडून घे, घरी कुठं रडाय मिळतंय.” तेव्हापासून जमेल त्या वर्षी त्या तारखेला दोघं दुपारचा खेळ बघायला जायचे. कधी पाऊस, कधी आजारपण, कधी हातात पैसा नसायचा, ती वर्षं हुकली. पण ही तारीख त्या दोघांची होती. गावाला पत्ता नव्हता.

मालक गेल्यावरच्या पहिल्या वर्षी, 2022 ला, आक्का त्या दिवशी रानात गेल्या आणि अंधार पडेस्तोवर भांगलत बसल्या. “हाताला घट्टं पडलं, पण दिस काय सरंना,” म्हणाल्या. म्हणून ह्या वर्षी ठरवलं, जायचं.

अकराची एसटी. मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालेलं, जायचे 25 आणि यायचे 25. कंडक्टरनं विचारलं, “किती?” आयुष्यभर मालक म्हणायचे “दोन”. आक्का म्हणाल्या, “एक.” थेटरच्या खिडकीवरही तेच. पोरानं विचारलं, “एकच का मावशी?” इथं, म्हणाल्या, पाय मागं फिरत होता. खिडकीशी घोळक्यानं बायका उभ्या, आणि आपण एकटी. पण मागून कुणीतरी म्हणालं, “घ्या की लवकर,” आणि त्यांनी शंभराची नोट आत सरकवली. “मागनं ढकललं म्हणून आत गेले बघा,” असं म्हणून त्या हसल्या.

शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर पिशवी ठेवली. अंधार झाला तेव्हा जरा बरं वाटलं, कारण आता कुणी बघत नव्हतं. पडद्यावरच्या बायका झिम्मा-फुगडी शिकू लागल्या, धापा टाकू लागल्या, पडू लागल्या, आणि आक्का मोठ्यानं हसल्या.

मैत्रिणींनो, ह्या आक्का एकेकाळी पंचमीला फेर धरायच्या. गावात त्यांच्याएवढी फुगडी कुणी घालायचं नाही. मालक गेल्यावर त्या पायरीवर बसून नुसत्या बघायच्या.

“हसले आणि माझंच मला भ्या वाटलं,” आक्का म्हणाल्या. “वाटलं, कुणी म्हणंल, हिला लाज न्हाई. मग ध्यानात आलं, हितं मला वळखतंय कोण? दोन वर्सांत पयल्यांदाच पोट भरून हसले. आन् मग रडले. दोन्ही झालं.”

मध्यंतराला त्यांनी वीस रुपयांची शेंगदाण्याची पुडी घेतली. अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी पिशवीत होती. ती त्यांनी बैठकीत आमच्यासमोर काढून ठेवली. “घ्या,” म्हणाल्या. सगळा खर्च 170 रुपये. तोही त्यांनी सांगितला, कुणी विचारायच्या आधी.

थोरल्या काकींनी दोन दाणे उचलले आणि म्हणाल्या, “अगं, मग आमच्यासंगं का आली न्हाईस रविवारी?”

आक्का शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही बोलवलं कुठं?”

ह्याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. ग्रामसभेत हात वर करणाऱ्या आम्हीच होतो. कुंकू पुसायचं नाही, हे आम्ही कागदावर मान्य केलं होतं. पण जीपमध्ये एक जागा ठेवायचं आम्हाला सुचलं नव्हतं. ठरावात हे कुठं लिहिलेलं नसतं. बाईला बाजूला काढायला बांगड्याच फोडाव्या लागतात असं नाही. “ती काय येणार नाही” एवढं एक वाक्य पुरतं, आणि ते मायेनंच म्हटलेलं असतं म्हणून कळतही नाही.

आमच्यातली एक धाकटी लगेच म्हणाली, “आक्का, चुकलं आमचं. पुढच्या वर्षी ह्या तारखेला आपण सगळ्या मिळून जाऊ.”

आणि इथं आम्ही पुन्हा चुकत होतो. आक्का म्हणाल्या, “नगं गं बाई. ही तारीख माझी आन् त्यांची हाय. ह्या दिशी मला एकटीलाच जाऊ द्या. बाकीच्या दिसांना बोलवा.”

त्या दोन वाक्यांवर आम्ही पुष्कळ बोललो. रविवारी आक्का एकट्या राहिल्या त्या आमच्यामुळं. बुधवारी एकट्या गेल्या त्या स्वतःच्या मर्जीनं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडं एक बाई एकटीच दिसते. फरक तिला विचारल्याशिवाय कळत नाही. आधी आम्ही न विचारता तिला वगळलं, आणि मग माया आली तशी न विचारता तिच्या दिवसात घुसायला निघालो.

त्या बैठकीत आम्ही एक साधी गोष्ट ठरवली आणि वहीत लिहिली. गटाचं काहीही असो, सहल, हळदी-कुंकू, बारसं, सिनेमा, हजेरीच्या क्रमानं बाराही नावं वाचायची आणि प्रत्येकीला तोंडावर विचारायचं. “येणार का?” एवढंच. हो म्हणाली तर जागा धरायची. नाही म्हणाली तर का म्हणून खोदायचं नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायचं. एकदा नाही म्हणाली म्हणून नाव गाळायचं नाही.

ऑगस्टमध्ये नागपंचमी आली. आम्ही नावं वाचली. सातव्या नंबरला आक्का. “येणार का?” म्हणाल्या, “येते, पर फेर धरणार न्हाई.” बरं म्हटलं. त्या आल्या, पायरीवर बसल्या. फेर सुरू झाला. आमची धाकटी फुगडीत पाय चुकवत होती. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा पडली. पायरीवरून आक्का ओरडल्या, “अगं, टाच न्हाई, चवडा! चवड्यावर ये!” आणि तिला दाखवायला म्हणून उठल्या.

दाखवून झाल्यावर त्या परत पायरीवर जाऊन बसल्या. कुणी ओढलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोरल्या काकी नुसत्या सरकल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हजेरीची वही उघडाल, तेव्हा मागच्या कार्यक्रमाला कोण नव्हतं ते एकदा बघा. आणि तिला कुणी विचारलं होतं का, तेही आठवून बघा. पुढच्या आठवड्यात ह्याच वेळेला पुन्हा भेटू. नमस्कार.