घामाचा वास आणि पॉलिएस्टरचा सदरा



स्वच्छ धुतलेला, वाळलेला सदरा नाकाशी धरला तर वास नसतो. तोच अंगात घालून बाहेर पडावे, तो दहा मिनिटांत काखेतून कालचा वास परत येतो. हा अनुभव सुती सदऱ्याचा क्वचित, पॉलिएस्टरचा नेहमीचा. असे का व्हावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतील घामाबरोबर स्निग्ध द्रव्ये येतात, त्यांवर जिवाणू जगतात आणि त्यांतून उग्र वासाची आम्ले तयार होतात. २०१४ साली बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २६ जणांना तासभर व्यायामाची सायकल चालवायला लावली आणि त्यांचे सदरे दुसऱ्या दिवशी हुंगवून पाहिले. पॉलिएस्टरचे सदरे अधिक दुर्गंधी ठरले, आणि मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू त्यांवर विशेष वाढलेले आढळले.

आता धाग्याकडे पाहू. नेहमीच्या हवेत शंभर ग्रॅम सूत सात-आठ ग्रॅम पाणी धरते. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. सुताला पाणी प्रिय, पॉलिएस्टरला तेल. म्हणून धुताना पाणी सुताच्या आत शिरते आणि मळ घेऊन बाहेर पडते. पॉलिएस्टरवरून ते नुसते ओघळते. धाग्याला चिकटलेला तेलकट अंश आणि त्यात मुरलेला वास तसाच राहतो. अंगाची ऊब मिळाली की तो पुन्हा उडू लागतो.

आपला सदरा खरोखर निघाला का, हे ओळखणे सोपे आहे. काखेचा भाग किंचित ओला करून त्यावर कोमट इस्त्री दाबा आणि हुंगा. वास आला तर मळ आतच आहे.

मग उपाय काय? घामाचा सदरा पिशवीत कोंबून ठेवू नये. त्याच दिवशी धुवावा. तो उलटा करून, अर्धी बादली कोमट पाण्यात धुण्याची पावडर आणि चमचाभर धुण्याचा सोडा – खाण्याचा नव्हे – घालून अर्धा तास भिजवावा. सोड्याने ती आम्ले पाण्यात विरघळतात, पावडरीने तेल सुटते. मग काख चोळून भरपूर पाण्यात खळबळावे. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव मात्र टाळावे. त्याचा थर बसून मळ आणखी धरला जातो. शेवटी सदरा हवेशीर जागी पूर्ण वाळवावा.

वर्षानुवर्षे मुरलेला वास मात्र याने पुरता जाईलच असे नाही. म्हणून निवडच आधी करावी. उन्हातान्हात हिंडायचे, गर्दीच्या गाडीत उभे राहायचे, तर अंगालगत सूत असावे. पॉलिएस्टर लवकर वाळते, चुरगळत नाही, हे त्याचे गुण खरे. त्यांसाठी ते घ्यायचेच असेल तर आत सुती बनियन घालावा, म्हणजे घाम आधी त्यात जिरेल. बनियन धुणे सदऱ्याचा वास काढण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे.