ड्रेस तोच, उंची वेगळी

सरळ शिवणीचा, बिनबाह्यांचा साधा ड्रेस घ्या. 1960च्या दशकात लंडनच्या फॅशन डिझायनर मेरी क्वांटने लोकप्रिय केला तसा, मांडीपर्यंतचा. पाय मोकळे, चाल मोकळी, म्हणून तो अवखळ वाटतो. तोच पोटरीपर्यंत वाढवला, की तो गंभीर होतो, पण एक अडचण येते. त्याची कड पोटरीच्या सर्वांत जाड भागावर थांबली, तर पाय आखूड आणि जड दिसतात. दोन-तीन बोटं खाली, पोटरी निमुळती होते तिथे ती आणली, की तोच ड्रेस डौलदार. घोट्यापर्यंत नेला, तर सरळ घेर पावलांना अडवतो. मग बाजूला गुडघ्यापर्यंत कट हवा. कापडही जरा वजनदार लागतं. नाहीतर रुबाबाऐवजी चक्क नाइटी! माप देताना नेहमीच्याच चपला घाला. टाच बदलली, की कडेचं सगळं गणित बदलतं.