देयक चुकते करण्यापूर्वी तीन कागदांचा मेळ



शाळेसाठी माल खरेदी केला की तीन कागद तयार होतात. पहिला पुरवठा आदेश. त्यात आपण काय, किती व कोणत्या दराने मागविले हे असते. दुसरी माल पोचल्याची नोंद; त्यात प्रत्यक्ष काय हाती आले हे असते. तिसरे पुरवठादाराचे देयक, ज्यास आपण व्यवहारात बिल म्हणतो. त्यात तो किती पैसे मागतो हे असते. हे तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून, प्रत्येक वस्तूची ओळ जुळवून पाहिल्यावाचून देयक मंजूर करू नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शाळेने १२ सतरंज्या प्रत्येकी ४५० रुपयांप्रमाणे व खडूच्या ३० पेट्या प्रत्येकी ६० रुपयांप्रमाणे मागविल्या. आदेशाची रक्कम ७,२०० रुपये झाली. माल आला तेव्हा गुरुजींनी तो मोजून घेतला. सतरंज्या १२ होत्या. पण एक फाटलेली निघाली, ती त्याच गाडीतून परत पाठविली. खडूच्या पेट्या २८ च भरल्या. आठवड्याने देयक आले: सतरंज्या १२, दर ४५०, खडू ३० पेट्या, दर ६४, एकूण ७,३२० रुपये.

आता मेळ घालू. देय संख्या स्वीकारलेल्या मालाची धरावयाची आणि दर आदेशातला. ११ सतरंज्यांचे ४,९५० व २८ पेट्यांचे १,६८० मिळून ६,६३० रुपये देणे निघते. देयकात ६९० रुपये अधिक मागितले आहेत. त्यांपैकी ४५० परत केलेल्या सतरंजीचे, १२० न आलेल्या दोन पेट्यांचे, आणि उरलेले १२० तीस पेट्यांवर वाढविलेल्या चार चार रुपयांचे.

केवळ आदेश व देयक ताडून पाहिले असते, तर दरातील वाढ दिसली असती. संख्येतील तूट दिसली नसती, कारण दोन्हीकडे १२ व ३० हेच आकडे आहेत. केवळ पोचनोंद व देयक पाहिले असते, तर तूट दिसली असती. पण पोचनोंदीत दर नसल्यामुळे वाढ निसटली असती. म्हणून तिन्ही कागद लागतात.

या सर्व रचनेचा आधार मधला कागद आहे, आणि बहुधा तोच कच्चा राहतो. माल उतरवून घेण्याची घाई असते. गाडीवाला चलनावर सही मागतो. आणि मागाहून चलनावरून, किंवा देयकावरूनच, नोंदवहीत आकडे उतरविले जातात. अशा वेळी मेळ तंतोतंत जमतो, परंतु तो पुरवठादाराच्या आकड्याचा त्याच्याच आकड्याशी जमलेला असतो. ज्या नोंदवहीत आकडे नेहमी देयकाबरहुकूम असतात, तूट वा परतीचा शेरा वर्षभरात एकदाही नसतो, आणि नोंदीची तारीख देयकाच्या तारखेशी मिळते, तेथे ही शंका घ्यावी. उपाय सोपा आहे. मोजणाऱ्याने चलन बाजूस ठेवून आधी मोजावे, आलेली, परत केलेली व स्वीकारलेली संख्या वेगवेगळी लिहावी, आणि मगच चलन पाहावे. चलनावर सही करताना तूट व परतीचा माल त्यावरच लिहावा. दोन शिक्षकांची शाळा असेल, तर मोजणी एकाने व मेळ दुसऱ्याने करावा.

प्रत्येक फरक म्हणजे लबाडी नव्हे. आदेशातला दर करासह की करावेगळा हे लिहिलेले नसले, तर कराची रक्कम दरवाढीसारखी दिसते. आदेशात पेट्या व देयकात डझन असले, तरी आकडे जुळत नाहीत. म्हणून कर व एकक आदेशातच स्पष्ट करावे. माल दोन खेपांत आला तर प्रत्येक खेपेची नोंद स्वतंत्र ठेवून, ज्या देयकाशी ती जुळविली त्याचा क्रमांक तिच्यावर घालावा. नाहीतर एकाच खेपेवर दोन देयके निघून जातात.

फरक सापडल्यास देयकात खाडाखोड करू नये. फरकाच्या ओळी लिहून पुरवठादाराकडून दुरुस्त देयक किंवा ६९० रुपयांचे जमापत्र मागवावे, आणि ते येईपर्यंत रक्कम देऊ नये.

मेळ जमला तरी दोन गोष्टी त्यातून कळत नाहीत. आदेशातला दरच बाजारभावापेक्षा चढा असेल, तर तिन्ही कागद एकमेकांशी जुळतील. त्यासाठी आदेशापूर्वी दरपत्रके तपासावी लागतात. आणि खडू फळ्यावर उमटत नसेल, तर तेही संख्येत दिसणार नाही. म्हणून पोचनोंद लिहिण्यापूर्वी एक पेटी उघडून एक कांडी फळ्यावर ओढून पाहावी.