मुख्याध्यापकांस निरोप

(शाळेच्या निरोप-समारंभात माजी विद्यार्थ्यांच्या वतीने केलेले भाषण)

आदरणीय फादर, पूज्य मुख्याध्यापक सर, गुरुजनहो व बंधुभगिनींनो,

या भाषणाचा कच्चा मसुदा माजी विद्यार्थ्यांच्या मंडळीने मिळून लिहिला व तो नीट लावून आपणांपुढे ठेवण्याचे काम मजकडे सोपविले. मसुदा चांगला नऊ पानांचा होता. त्यात सरांच्या बाप्तिस्म्यापासून प्रारंभ होता, शाळेच्या प्रत्येक खोलीचा इतिहास होता, आणि सरांच्या अंगच्या १७ सद्गुणांची नामावळी होती. प्रेम भरून आले म्हणजे लेखणी अशीच सैरावैरा धावते.

मी मंडळीला एकच विनंती केली. प्रत्येक गुणापुढे आपण स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहा. जिथे ती सुचणार नाही, तो गुण गाळा. ‘शिस्तप्रिय’, ‘मनमिळाऊ’ ही विशेषणे कोणाही मुख्याध्यापकाच्या गळ्यात घालता येतात. घडलेली गोष्ट मात्र ज्याची त्यालाच शोभते. कागद परत आले तेव्हा बहुतेकांना एकाच वस्तूची आठवण झालेली दिसली. ती वस्तू म्हणजे हजेरीपट. म्हणून तोच धागा धरून मी तीन गोष्टी बोलणार आहे : सर हजेरीपट कसा वाचीत, एका मुलासाठी त्यांनी काय केले, आणि आता आपणांवर काय येऊन पडले आहे.

हजेरीपट सर्वच शाळांत भरला जातो. तो वाचणारे थोडे. सर दररोज नववीचा पट मागवून घेत. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याचे छत्र सहा ते चौदा वर्षांच्या मुलांवर आहे. नववीत मूल त्या छत्राबाहेर पाऊल टाकते आणि गरिबाघरचे मूल तेथेच हळूच शाळेतून नाहीसे होते. सर सांगत, “तापाने पडलेल्या मुलाचे खाडे सलग येतात व संपतात. शाळा सोडू पाहणाऱ्याचे खाडे आधी विखुरलेले असतात, मग दाट होत जातात.” असे विखुरलेले खाडे दिसले की नावापुढे तांबड्या पेन्सिलीची खूण होई आणि त्याच संध्याकाळी सर त्या घरी जात.

आता त्या मुलाची गोष्ट. नाव सांगत नाही. तो आज या सभेत बसला आहे. वडील वारले आणि नववीच्या मध्यावर आईने दाखल्यासाठी अर्ज केला. सरांनी अर्ज ठेवून घेतला व आठ दिवस थांबण्यास सांगितले. रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्यांनी त्या माउलीची गाठ घेतली. ‘मुलाला का काढता?’ असे विचारले असते, तर ‘गरिबी’ एवढेच उत्तर मिळाले असते. सरांनी विचारले, “बाई, घरात पहाटेपासून काय काय होते, ते क्रमाने सांगा.” तेव्हा कळले की मुलगा भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईस जातो व परत येईतो शाळेचे दोन तास होऊन गेलेले असतात. उशिराची बोलणी खाण्यापेक्षा तो घरीच राही. म्हणजे अडचण सबंध दिवसाची नव्हती, दोन तासांची होती. सरांनी त्याला तिसऱ्या तासापासून बसण्याची मुभा दिली; बुडालेले गणित व इंग्रजी मधल्या सुटीत शिकविण्याचे दोघा शिक्षकांनी पत्करले; आठवड्यातील दोन दिवस टोपल्या मामाने उचलल्या. मुलगा दहावी उत्तीर्ण झाला.

प्रत्येक वेळी असे घडले नाही. एका मुलीचे कुटुंब गाव सोडून गेले व तिचे शिक्षण थांबले. ही गोष्ट मसुद्यात नव्हती, सरांनीच मला ती सांगितली आणि म्हणाले, “भाषणात हीसुद्धा असू द्या.”

सर, नियमाप्रमाणे अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली म्हणून आपण खुर्ची सोडीत आहात. पट शाळेत राहील, तांबडी पेन्सिलही राहील. परंतु संध्याकाळी घरोघर जाणारी पावले कोणाची? नव्या मुख्याध्यापकांवर पहिल्याच दिवशी हा सगळा भार टाकणे न्याय्य नव्हे. म्हणून आम्ही माजी विद्यार्थ्यांनी आपसांत वाड्या वाटून घेतल्या आहेत. शाळेकडून नाव कळताच त्या वाडीतील दोघे जण त्याच दिवशी त्या घरी जातील, आणि कारण विचारण्याआधी घरातील दिवस कसा जातो ते विचारतील. पहिल्या काही भेटींस आपण आमच्याबरोबर यावे, एवढी आज्ञाधारक विद्यार्थ्यांची विनंती आहे.

परमेश्वर आपणांस व आपल्या कुटुंबास आरोग्य आणि शांती देवो. आपल्या चरणी आम्हा सर्वांचे कृतज्ञतापूर्वक वंदन.