माहेरच्या नावाने या



मी याच शाळेची माजी विद्यार्थिनी. येत्या 24 जानेवारीला आपला माजी विद्यार्थी मेळावा आहे आणि त्याच्या निमंत्रणाचा मजकूर नववीतल्या मुलांनी लिहिला आहे. त्यांनी तो मला दाखवला, म्हणून आज त्यावरच बोलते.

पहिल्या मसुद्यात वरच्या दहा ओळी आठवणींच्या होत्या. ‘ते सोनेरी दिवस’, ‘ती निरागस मैत्री’. अशा ओळी कुठल्याही शाळेला चालतात. शिवाय व्हॉट्सॲपवर लांब मजकूर अर्ध्यात दुमडला जातो, आणि तारीख नेमकी त्या घडीखाली राहते. मग मुलांनी तो पुन्हा लिहिला:

‘रविवार, 24 जानेवारी, सकाळी साडेनऊ, आपल्या शाळेचे पटांगण. प्रयोगशाळेतल्या किपच्या उपकरणातून सुटलेला कुजक्या अंड्यांचा वास आणि नाक दाबून व्हरांड्यात पळालेला वर्ग आठवतो का? मग या. नोंदणी 10 जानेवारीपर्यंत, खालच्या लिंकवर.’

आठवण एकच, पण वाचताक्षणी मला बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण दिसली. लिंकही त्यांनी चित्रात न ठेवता मजकुरात दिली, हे फार बरे केले. ज्या फोनवर चित्र आले, त्याच फोनने त्यातला क्यूआर कोड स्कॅन करायचा कसा, इथेच आमच्या वयाची माणसे अडतात.

आता नोंदणीचे. अर्जातला पहिला रकाना आहे ‘शाळेच्या दाखल्यावरचे नाव’. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलींची आडनावे लग्नानंतर बदलली, काहींची नावेसुद्धा. नुसते आजचे नाव लिहिले तर यादीत त्यांना कोणी ओळखणार नाही, आणि मैत्रीण आली नाही असे समजून दुसरीही येणार नाही. म्हणून आधी दाखल्यावरचे नाव, मग आजचे. त्यानंतर दहावीची परीक्षा दिल्याचे वर्ष आणि तुकडी. नुसते ‘96 ची बॅच’ लिहू नका. कोणी 95-96 हे शैक्षणिक वर्ष धरतो, कोणी 96-97. ‘मार्च 1996’ असे लिहिले की घोळ होत नाही.

जेवणाची वर्गणी यूपीआयने भरताना शेऱ्यात दाखल्यावरचेच नाव आणि दहावीचे वर्ष टाका. पैसे बऱ्याचदा मुलाच्या किंवा यजमानांच्या खात्यातून येतात, आणि ते कोणाचे हे खजिनदारांना कळायला दुसरा मार्ग नसतो. आचाऱ्याला ताटांचा आकडा आधी द्यावा लागतो, म्हणून 10 तारखेनंतर नोंदणी बंद.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी शाळेच्या कार्यालयात वहीत नाव लिहावे. ही सोय निमंत्रणात राहून गेली आहे. ती आजच घाला.

मुलांनो, तुमची आत्या, मावशी किंवा आजी या शाळेत शिकली असेल, तर आज घरी गेल्यावर तिचे दाखल्यावरचे नाव विचारा आणि तिच्याशेजारी बसून तिचा अर्ज भरून द्या.